फार्महाऊसवरच्या लग्नाची पत्रिका: नकाशा आणि रस्त्याचा मजकूर

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न शहराबाहेरच्या एका फार्महाऊसवर आहे. महामार्गाने वीसेक किलोमीटर, मग फाट्यावरून आत, मग कालव्याच्या कडेने असा रस्ता आहे. पत्रिकेत छोटा नकाशा आणि ‘कसे याल’ असा मजकूर द्यायचाय. मोबाईलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट टाकला तर चालेल का? नाहीतर हाताने काढायचा कसा, आणि मजकूर किती सविस्तर लिहायचा? बाबांनी एक मसुदा लिहिलाय, पण तो वाचून मलाच रस्ता कळत नाही, आणि मी तिथे चार वेळा गेले आहे.

उत्तर:

स्क्रीनशॉट नको. पडद्यावर तो छान दिसतो, कारण तिथे बोटाने मोठा करता येतो. कागदावर नऊ सेंटिमीटरच्या चौकोनात आला की शहराची सगळी नावं दिसतात आणि तुमचा फाटा मुंगीएवढा होतो. शिवाय वीस किलोमीटरचा महामार्ग जागा खातो आणि शेवटची चार वळणं एका कोपऱ्यात चिकटून बसतात. पाहुणे चुकतात ते त्याच चार वळणांवर. महामार्गावर कुणी हरवत नाही.

मी बरीच वर्षं पत्रिकांची आणि त्यातल्या नकाशांची कामं करतो. सगळा नकाशा शेवटच्या पाच किलोमीटरांसाठी काढायचा, ही एकच गोष्ट त्यातून शिकलो. फाट्यापर्यंत माणसं फोनवर येतातच. आत शिरल्यावर रेंज जाते, किंवा फोन कुणाच्या तरी बांधावरून जाणारा रस्ता दाखवतो, आणि तिथून पुढे कागद लागतो.

तुमच्यासारखाच रस्ता असलेलं एक काम गेल्या हिवाळ्यात केलं होतं. ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या रस्त्यावर तसंच करता येईल.

आधी गाडी, मग पेन्सिल

नकाशा घरी बसून काढायचा नाही. शहरातून निघून एकदा तिथे जायचं, आणि गाडी दुसऱ्याने चालवायची. तुम्ही शेजारी वही घेऊन बसायचं. जो माणूस रोज त्या फार्महाऊसवर जातो त्याला चालवायला बसवू नका. तो बोलता बोलता वळतो आणि वळण तुमच्या लक्षातही येत नाही.

ट्रिप मीटर शून्य कुठे करायचा हे आधी ठरवा. ‘शहरापासून १८ किमी’ या वाक्याला काही अर्थ नसतो, कारण प्रत्येकाचं शहर वेगळ्या ठिकाणी संपतं. सगळ्या गाड्या जिथून जाणारच अशी एक जागा निवडा. आमच्या कामात रेल्वेवरचा उड्डाणपूल होता. तो उतरल्या क्षणी शून्य केलं. मग मिळालेले आकडे असे होते: महामार्गावरचा फाटा १७.६ किमीवर, फाट्यापासून २.१ किमीवर रस्त्याला दोन वाटा फुटतात, तिथून १.४ किमीवर कालवा, आणि कालव्याच्या कडेने ०.९ किमी गेलं की गेट. म्हणजे फाट्यानंतर ४.४ किमी, एकूण २२. महामार्गाला अठरा मिनिटं लागली. रात्री पुन्हा गेलो तेव्हा आतल्या साडेचार किलोमीटरांनाच चौदा मिनिटं लागली. पत्रिकेत ‘फाट्यापासून १५ मिनिटं’ असं लिहिलं ते याच कारणाने. नुसतं अंतर लिहिलं असतं तर फाट्याला पोचलेला माणूस ‘आलोच’ म्हणून फोन करतो आणि इकडे सगळे दारात उभे राहतात.

आकडे छापताना शंभर मीटरचा आग्रह धरू नका. टायर झिजलेले असले, गाडी वेगळी असली की दहा किलोमीटरला शंभर-दोनशे मीटरचा फरक सहज पडतो. महामार्गावरचं लांब अंतर ‘साधारण साडेसतरा’ असं लिहा. आतली छोटी अंतरं मात्र मोजलेली तशीच द्या, तिथे फरक पडायला जागाच नसते.

प्रत्येक वळणाला तीन खुणा

वळणावर उभं राहून बहुतेक लोक एकच खूण टिपतात: इथे पंप आहे, इथे टाकी आहे. मी तीन टिपतो. वळण येण्याआधी दिसणारी, प्रत्यक्ष वळणावरची, आणि वळण चुकून पुढे गेलं तर लागणारी. तिसरी कुणीच लिहीत नाही, आणि खरी कामाला तीच येते. चुकलेल्या माणसाला आपण चुकलोय हेच कळत नसतं. तो ‘येईल आता पुढे’ म्हणत आठ किलोमीटर जातो.

आमच्या फाट्याचं बघा. घरच्यांच्या मसुद्यात होतं, ‘पंप गेल्यावर डावीकडे वळा.’ गाडीतून गेलो तर पंप दोन निघाले. एक बाराव्या किलोमीटरवर, दुसरा सव्वासतराव्या. पहिल्या पंपानंतरही डावीकडे एक रस्ता होता, तो खडी फोडण्याच्या कारखान्यात जात होता. दुसऱ्या पंपानंतर चारशे मीटरवर आपला फाटा. तिथे गावाच्या नावाची पाटी होती, पण ती रस्त्याला समांतर लावलेली, म्हणजे फाटा ओलांडताना दिसणार. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. पाटी वाचून ब्रेक लावेपर्यंत फाटा मागे पडलेला असतो. म्हणून आधीची खूण पंप, तोही ‘दुसरा’, वळणावरची खूण गावाची पाटी, आणि चुकल्याची खूण फाट्यापुढे सव्वा किलोमीटरवरचा नदीचा पूल. मजकुरात लिहिलं: ‘नदीचा पूल लागला तर फाटा मागे राहिला.’ महामार्गाला मधे दुभाजक असेल तर परत वळायची जागा कुठे आहे तेही पाहून ठेवा. आमच्याकडे ती पुलाच्या पुढे तीन किलोमीटरवर होती, आणि हे न सांगितल्यास काही लोक उलट्या बाजूने गाडी मागे घेतात.

दुसरं वळण जास्त फसवं होतं. फाट्यातून आत गेल्यावर रस्त्याला दोन वाटा फुटायच्या, आणि रुंद, चांगला डांबरी रस्ता उजवीकडे गावात जायचा. फार्महाऊसचा रस्ता डावीकडचा, अरुंद, कडा तुटलेला. माणूस रुंद रस्त्यानेच जातो, त्यात त्याची चूक नाही. अशा जागी नुसतं ‘डावीकडे’ पुरत नाही. ‘डावीकडचा अरुंद रस्ता घ्या, रुंद रस्ता गावात जातो’ असं दोन्ही सांगावं लागतं. चुकल्याची खूण: शाळेची इमारत.

खुणा निवडताना एक पथ्य. जी खूण उचलून नेता येते, कापता येते, रंगवता येते किंवा अंधारात दिसत नाही, ती घेऊ नका. फलक बदलतात, टपऱ्या हलतात, भिंतीवरची जाहिरात पुढच्या महिन्यात दुसऱ्या रंगाची होते. रस्त्याकडेचं शेत आज मोकळं असलं तरी लग्नाच्या वेळी त्यात पुरुषभर उंच पीक असेल आणि मागचं लाल कौलांचं घर दिसणारच नाही. पूल, कालवा, पाण्याची उंच टाकी, रेल्वे फाटक, उंच मनोरा या गोष्टी जागच्या जागी राहतात. कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर रात्री एक फेरी मारल्याशिवाय यादी पक्की करू नका. आमची पाण्याची टाकी दिवसा दोन किलोमीटरवरून दिसायची आणि रात्री तिच्या पायथ्याशी उभं राहूनही दिसत नव्हती. शेवटी तिथे आम्ही एक दिवा लावून घेतला.

कालव्याची कुठली कड?

तुमच्या प्रश्नातल्या ‘कालव्याच्या कडेने’ या दोन शब्दांवर मी अडलो, म्हणून हे वेगळं लिहितो. कालव्याला दोन काठ असतात आणि बऱ्याचदा दोन्ही काठांवरून गाडीवाट जाते. पुलाआधी वळलात तर एका काठाने जाल, पूल ओलांडून वळलात तर दुसऱ्या. गेट समोरच्या काठावर, मधे पाणी, आणि परत यायला कालव्याची अरुंद वाट, जिथे गाडी वळत नाही. आमच्या कामात मसुद्यात नेमकं लिहिलं होतं, ‘पुलाच्या अलीकडे उजवीकडे वळा.’

‘अलीकडे’ हा रस्ता सांगताना सगळ्यात धोकादायक शब्द आहे. तो बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरतो. यजमान मनाने फार्महाऊसवर उभे असतात, त्यांना पुलाची आपली बाजू म्हणजे अलीकडची. शहरातून येणाऱ्याला तीच पलीकडची. ज्यांनी लिहिलं त्यांना पूल ओलांडूनच वळायचं होतं! ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ हे दोन्ही शब्द काढून टाका. त्याऐवजी ‘पूल येण्याआधी’ किंवा ‘पूल ओलांडल्यावर लगेच’ असं लिहा. बाबांच्या मसुद्यात हे शब्द शोधून बघा, बहुतेक सापडतीलच.

‘सरळ’चंही तसंच. गावाकडचा रस्ता कधी सरळ नसतो. लिहिणाऱ्याच्या मनात ‘सरळ’ म्हणजे ‘कुठे वळू नका’. वाचणारा मात्र मुख्य रस्ता डावीकडे वाकला आणि समोर एक कच्ची वाट दिसली की समोर घुसतो. ‘मुख्य डांबरी रस्ता सोडू नका’ हे लांब आहे, पण नि:संदिग्ध आहे. ‘वरचा रस्ता’, ‘खालचा रस्ता’ हे तिथल्या माणसालाच कळतं. ‘चौक’ आणि ‘तिठा’ यात मात्र फरक ठेवा. चार रस्ते मिळतात तो चौक, तीन मिळतात तो तिठा. आणि मोठ्या रस्त्याला बाजूने रस्ता फुटतो तो फाटा. चौक म्हणून सांगितलं आणि तिथे तीनच रस्ते दिसले की माणूस पुढच्या चौकाच्या शोधात निघतो.

आता नकाशा

अशा नकाशांचा मूळपुरुष म्हणता येईल असा एक माणूस आहे, हॅरी बेक. लंडनच्या भुयारी रेल्वेत तांत्रिक आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन. त्याने १९३१ मध्ये रेल्वेचा नकाशा विजेच्या सर्किटसारखा काढला. सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत. शहराच्या मध्यभागी दाटीवाटीची स्थानकं फाकवून लांब केली, बाहेरची लांब अंतरं आवळली. १९३३ मध्ये तो छापला गेला आणि आजही त्याच पद्धतीचा नकाशा तिथे वापरात आहे. प्रमाण सोडून द्यायचं, जिथे निर्णय घ्यायचा तिथे जागा द्यायची, ही कल्पना आपण त्याच्याकडून घ्यायची.

पण पुरती नाही. भुयारातल्या प्रवाशाला बाहेर काही दिसत नाही, म्हणून त्याला वळणाचा कोन खोटा दाखवला तरी चालतो. आपला पाहुणा खिडकीतून बाहेर बघत असतो. रस्ता तिरका फुटत असेल आणि नकाशात काटकोन असेल, तर तो काटकोनातलं वळण शोधत पुढे जातो. म्हणून माझा नियम असा: वळणांच्या मधला रस्ता हवा तसा सरळ करा, लांबी हवी तशी आवळा, पण प्रत्यक्ष वळणावर कोन खऱ्यासारखा ठेवा. तिरका फाटा तिरकाच काढा.

आमच्या नकाशाला ९ बाय ९ सेंटिमीटर जागा होती, पत्रिकेसोबतच्या वेगळ्या कार्डावर. साडेसतरा किलोमीटरच्या महामार्गाला दोन सेंटिमीटर दिले, मधे दोन तिरक्या रेघांची तोड दाखवली आणि तोडीच्या शेजारी अंतर लिहिलं. हा आकडा विसरू नका. आकडा नसेल तर तोड नक्षीसारखी वाटते आणि माणसाला फाटा शहराला लागूनच आहे असं वाटतं. उरलेले सात सेंटिमीटर आतल्या ४.४ किमीला मिळाले. खाली एक बारीक ओळ: ‘नकाशा प्रमाणात नाही.’

उत्तर दिशा वर ठेवायची सवय इथे सोडली तरी चालते. सगळे एकाच दिशेने येणार असतील तर येण्याची दिशा खालून वर ठेवा. मग नकाशात डावीकडे जाणारा रस्ता निदान पहिल्या वळणाला तरी खरंच डाव्या हाताला येतो, आणि कार्ड फिरवून बघावं लागत नाही. पाहुणे दोन बाजूंनी येणार असतील तर फाटा नकाशाच्या खालच्या भागात मधोमध ठेवा, दोन्हीकडून बाण आणा. मजकूर दोन करा, पण फक्त फाट्यापर्यंतचे. फाट्यापुढचा एकच. दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला तोच फाटा उजव्या हाताला लागतो हे लिहायला हमखास विसरलं जातं.

आणखी एक गोष्ट नवशिके हमखास चुकवतात. ते फक्त आपला रस्ता काढतात. गाडीतल्या माणसाला तिठ्यावर तीन रस्ते दिसतात आणि नकाशात एकच रेघ. जे रस्ते घ्यायचे नाहीत त्यांचे आखूड तुकडे काढायलाच हवेत, आणि त्या तुकड्याच्या टोकाशी तो कुठे जातो ते बारीक अक्षरात: ‘गावात’, ‘कारखान्याकडे’. सगळे रस्ते नकोत. शेतात जाणाऱ्या वाटा, घरांच्या वाटा गाळा. आपल्या रस्त्याएवढा किंवा त्याहून रुंद असलेला एकही रस्ता मात्र गाळू नका.

रेघांच्या जाडीत स्पष्ट फरक ठेवा. महामार्ग दोन मिलिमीटर, आपला रस्ता साधारण दीड मिलिमीटर आणि भरीव, न घ्यायचे तुकडे अर्ध्या मिलिमीटरचे, करड्या रंगात. रस्ता लाल आणि कालवा हिरवा अशी जोडी करू नका. पुरुषांमध्ये साधारण बारापैकी एकाला लाल-हिरव्यात फरक कळायला त्रास होतो, आणि गाडी चालवताना दिव्याच्या पिवळ्या उजेडात तो इतरांनाही कळत नाही. कालवा निळा, त्यात नागमोडी रेघ. नावं सात-आठच्या वर जाऊ देऊ नका. अक्षर देवनागरी असल्यामुळे वर मात्रा, खाली उकार येतात, त्यामुळे इंग्रजीला चालणारा बारीक आकार इथे गिचमीड होतो. मी नकाशात ९ पॉईंटच्या खाली जात नाही. सोनेरी फॉइलमध्ये नकाशा छापायचा हट्ट दर वर्षी कुणीतरी करतं. फॉइलच्या बारीक रेघा तुटतात आणि गाडीतल्या दिव्याखाली कार्ड चमकून काही वाचता येत नाही. नावं सोनेरी असू द्या, नकाशा साध्या गडद शाईत.

मजकूर

नकाशा बघणारी माणसं वेगळी, वाचणारी वेगळी. चालवणारा बहुतेक वेळा दोन्ही करत नाही. शेजारी बसलेलं कुणीतरी त्याला मोठ्याने वाचून दाखवतं. म्हणून मजकूर कानाला कळेल असा हवा. एका ओळीत एकच निर्णय, आधी खूण, मग काय करायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हे आपोआप जमतं, फक्त वाक्य लांब होऊ द्यायचं नाही. आमचा मजकूर असा होता:

> उड्डाणपूल उतरल्यावर महामार्गाने साधारण साडेसतरा किमी या.
> वाटेत दोन पेट्रोल पंप लागतात. दुसऱ्या पंपापासून ४०० मीटरवर, गावाच्या पाटीपाशी, डावीकडे फाट्यात वळा. (नदीचा पूल लागला तर फाटा मागे राहिला.)
> इथून १५ मिनिटं लागतात.
> २.१ किमीवर पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटतो. डावीकडचा अरुंद रस्ता घ्या. (शाळा लागली तर परत फिरा.)
> १.४ किमीवर कालव्याचा पूल येतो. पूल ओलांडा आणि लगेच उजवीकडे वळा. (चढ सुरू झाला तर पुढे आलात.)
> कालवा उजव्या हाताला ठेवून ०.९ किमी या. डाव्या हाताला निळं लोखंडी गेट.

‘कालवा उजव्या हाताला ठेवून’ ही माझी आवडती ओळ आहे. चुकीच्या काठावर असलेल्या माणसाला कालवा डावीकडे दिसतो आणि त्याला तिथल्या तिथे कळतं. एवढ्या मजकुराने काम भागतं. याहून सविस्तर लिहाल तर लोक वाचणार नाहीत.

शेवटी दोन फोन नंबर द्या. वधूच्या वडिलांचा नको, त्या दिवशी त्यांचा फोन कुणाच्या तरी पिशवीत असतो. ज्याला रस्ता पाठ आहे आणि दुसरं काम नाही अशा माणसाचा द्या.

पिन आणि क्यूआर कोड

क्यूआर कोड जरूर छापा, पण आधी पिन कुठे पडते ते तपासा. आमच्या कामात घरच्यांनी पिन टाकली होती घराच्या छपरावर. दिसायला बरोबर. फोन मात्र पिनच्या सगळ्यात जवळ जो रस्ता त्याच्या नकाशात आहे तिथवर आणून सोडतो, आणि तो होता मागच्या बाजूचा, नाल्यापलीकडचा. तिथून घर दीडशे मीटर, मधे नाला आणि कुंपण. गाडीने फिरून यायचं तर सहा किलोमीटर. साखरपुड्याला सात-आठ गाड्या त्या कुंपणापाशी उभ्या होत्या, लग्नाआधी ते कळलं हे नशीब. पिन नेहमी गेटवर, रस्त्याला लागून टाका. मग शहरात बसून त्या पिनकडे जायचा मार्ग मागवा आणि फोन कुठल्या वाटेने आणतो ते शेवटपर्यंत बघा. गेटवरची पिनही भलत्या वाटेने आणत असेल तर दुसरी पिन फाट्यावर टाका आणि कार्डावर तीच द्या: ‘फाट्यापर्यंत फोन, पुढे हे कार्ड.’ मी तीनदा असं केलंय आणि तिन्ही वेळा ते बरं पडलं.

नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. दशांश चिन्हापुढे पाच आकडे पुरतात, तेवढ्यात साधारण एक मीटरची अचूकता येते. तीनच आकडे ठेवले तर जवळजवळ शंभर मीटरची चूक होऊ शकते. कोडमध्ये घालायचा पत्ता असा बनतो, यात शेवटी आपले आकडे इंग्रजी अंकांत घाला, मधे स्वल्पविराम, जागा न सोडता:

```
https://www.google.com/maps/dir/?api=1&destination=अक्षांश,रेखांश
```

कोड ‘स्टॅटिक’ बनवा, म्हणजे पत्ता थेट कोडातच असतो. काही मोफत संकेतस्थळं ‘डायनॅमिक’ कोड देतात, तो आधी त्यांच्याकडे जातो आणि मग नकाशाकडे. त्यांची मुदत संपली की छापलेल्या सगळ्या पत्रिकांतला कोड एका दिवसात मरतो. आकार किमान दोन सेंटिमीटर, गडद शाई, फिका कागद, आणि चारी बाजूंनी कोडातल्या चार बारीक ठिपक्यांएवढी पांढरी कड. वेलबुट्टी या कडेत घुसली तर कोड वाचला जात नाही. पहिली छपाई हातात आली की दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर, संध्याकाळच्या उजेडात वाचून बघा.

छापण्याआधी

कार्डाची साध्या कागदावर प्रत काढा आणि तिथे कधीच न गेलेल्या एकाला गाडीत बसवा. वाचणारा दुसरा. तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि एक शब्द बोलू नका. चुकले तरी नाही, आणि हे फार अवघड जातं. ते कुठे चुकतात त्यापेक्षा गाडी कुठे हळू होते ते लिहून घ्या. बरोबर वळले तरी हळू झाले म्हणजे तिथे शंका होती, आणि सत्तर गाड्यांपैकी वीस तरी तिथे थांबणार. आमच्या चाचणीत गाडी हळू झाली ती कालव्याच्या वाटेवर, पाचशे मीटरनंतर. वाट कच्ची होती आणि वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘अहो, हा रस्ताच वाटत नाही, परत फिरू या.’ वळण नव्हतं, खूणही नव्हती, नुसती भीती होती. मजकुराच्या शेवटच्या ओळीत आम्ही एवढंच घातलं: ‘वाट कच्ची आहे, पण हीच.’

बस येणार असेल तर बसवाल्याला आधी एकदा रस्ता दाखवा. आमच्या कालव्याच्या पुलावर कार जायची, बस वळत नव्हती. शेवटी बस टाकीपाशी थांबवली आणि तिथून दोन छोट्या गाड्या फेऱ्या मारत होत्या. हे पत्रिकेत छापायची गरज नाही, बसमधल्यांना सांगितलं की पुरे.

लग्नाच्या दिवशी फाट्यावर फलक लावणार असाल तर तो फाट्यावर नाही, दीडशे-दोनशे मीटर आधी लावा. त्यावर दोनच गोष्टी: बाण, आणि पत्रिकेत जे नाव मोठ्या अक्षरात आहे तेच नाव. पत्रिकेत मुलीचं नाव आणि फलकावर फार्महाऊसचं नाव असलं की लोक पुढे निघून जातात. दुसरा फलक टाकीपाशी, तिसरा पूल ओलांडल्यावर. तिन्ही आदल्या दिवशी लावून रात्री गाडीच्या दिव्यात बघून घ्या. आमचा तिसरा फलक वाऱ्याने फिरून कालव्याकडे बाण दाखवत होता.